एक टीबी की चार टीबी? आधी व्हिडिओची मिनिटं मोजा

वाचकाचं पत्र

*आम्ही फोंड्याला राहतो. घरात मी, यजमान, सासूबाई, नऊ वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा. गेल्या वर्षभरात आम्हा दोघांच्या फोनमध्ये मिळून 6,800 फोटो झालेत. व्हिडिओ किती ते मोजलेलं नाही. यजमान सगळं फोर-केमध्येच काढतात, मी फोन जसा आला तसाच वापरते. त्याआधीचं सगळं जुन्या लॅपटॉपवर आहे, ते 240 जीबी. दोन्ही फोन सारखे ‘जागा भरली’ म्हणतात. म्हापशाच्या दुकानदाराने चार टीबीची हार्ड डिस्क सुचवली. भाचा म्हणतो, एक टीबी पाच वर्षांतसुद्धा भरणार नाही, उगाच पैसे घालू नका. दोनेक वर्षांत मला फोनही बदलायचा आहे. कुणाचं ऐकू?*

*– एक वाचक, फोंडा*

उत्तर

ताई, तुमचा भाचा बहुधा फोटोंचा हिशेब करतोय, आणि फोटोंपुरतं त्याचं बरोबर आहे. पण यजमान फोर-के काढतायत तोवर एक टीबी दुसऱ्या वर्षीच भरेल. दुकानदाराची चार टीबी पाच वर्षं पुरेल. माझा सल्ला मात्र तिसराच आहे: फोनमधली एक सेटिंग बदला, दोन टीबीच्या दोन डिस्क घ्या, आणि दोन्हींवर तेच सगळं ठेवा. हे का, ते आकडे मांडूनच सांगतो. म्हणजे तुमच्या घरचे खरे आकडे घालून तुम्हालाही ते ताडून बघता येईल.

फोटोंचं चटकन उरकतं. तुमच्या फोनचा साधा जेपीजी फोटो सरासरी 4 एमबीचा धरा. खात्री करायची तर शंभर-दोनशे फोटो लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये घ्या, फोल्डरवर राइट क्लिक करून `Properties` बघा, आणि तिथे दिसणाऱ्या आकाराला फोटोंच्या संख्येने भागा. सरासरी 3 ते 5 एमबीच्या दरम्यान आली तर सगळं ठीक. 8-10 येत असेल तर बहुधा कॅमेरा पूर्ण 50 मेगापिक्सेलवर लावलेला आहे, नाहीतर `Motion Photo` चालू आहे. ते चालू असलं की प्रत्येक फोटोला काही सेकंदांचा व्हिडिओ चिकटतो. तुमचे 6,800 फोटो गुणिले 4 एमबी म्हणजे वर्षाला साधारण 27 जीबी. पाच वर्षांचे 135च्या आसपास. घरातले पाच वर्षांचे सगळे फोटो 256 जीबीच्या एका पेनड्राइव्हवर मावतात, म्हणून फोटोंसाठी कुणी हार्ड डिस्कची चिंता करू नये.

जागा खातो तो व्हिडिओ. एका मिनिटाला किती, हे ठरतं त्याच्या बिटरेटवर, म्हणजे फोन दर सेकंदाला किती माहिती लिहितो त्यावर. लॅपटॉपवर कुठल्याही व्हिडिओवर राइट क्लिक करून `Properties`, मग `Details` उघडा. तिथे `Total bitrate` असा आकडा दिसेल, उदाहरणार्थ 48000kbps. हजाराने भागलं की 48 एमबीपीएस. पुढचं गणित एवढंच:

```
एका मिनिटाचे MB = Mbps × 60 ÷ 8
```

बऱ्याच अँड्रॉइड फोनवर 30 फ्रेमचा फोर-के व्हिडिओ 48च्या आसपास असतो, म्हणजे मिनिटाला 360 एमबी. साधा 1080चा व्हिडिओ 17च्या आसपास, म्हणजे मिनिटाला जेमतेम 130 एमबी. हे आकडे फोनगणिक थोडे बदलतात, म्हणून दोन्ही फोनमधली एकेक फाइल स्वतः उघडून बघा. कुणा नातेवाइकाकडे आयफोन असेल तर त्याला हे काढायचीही गरज नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये `Record Video` उघडलं की कुठल्या दर्जाला मिनिटाला किती एमबी लागतात ते तिथेच लिहिलेलं असतं.

आता चवथीच्या रात्रीची घुमट आरती डोळ्यांपुढे आणा. मखरापुढे सगळे जमलेत, वर माटोळी, घुमटं नि शामेळ सुरू झालंय, आणि यजमान कोपऱ्यात उभे राहून सलग वीस मिनिटं शूट करतायत. मध्ये थांबायचं नाही, लय तुटते. तो एकच व्हिडिओ 7.2 जीबीचा होतो. तेवढ्या जागेत 1,800 फोटो मावले असते, म्हणजे तुमच्या दोघांचे तीन महिन्यांचे. तुमच्या फोनवर, 1080मध्ये, तीच आरती 2.6 जीबीत बसली असती. एकूण अंदाज चुकतो तो असल्या लांबलचक शॉटमुळे. दीड वर्षाचा पोरगा पाऊल टाकतो त्याचे दहा-दहा सेकंदांचे पन्नास व्हिडिओ एकत्र केले तरी ते साडेआठ मिनिटांहून कमीच.

म्हणून मोजायची ती व्हिडिओची मिनिटं, किंवा सरळ त्यांचा आकार. आणि इथेच बहुतेक लोक फसतात. ते गेल्या महिन्याचा आकडा घेतात, बाराने गुणतात आणि दुकान गाठतात. गोव्यातल्या घराचं वर्ष असं सपाट नसतं. श्रावण-भाद्रपदात फोन भरून वाहतो, मग दिवाळीत थोडा, माघात कवळे-मंगेशीच्या जत्रा, नंतर शिगमो, शाळेचं गॅदरिंग, मुलीचा नाच, मे महिन्यात मुंबई-पुण्याहून आलेली भावंडं. आणि जुलैमध्ये काहीच नाही, बाहेर पाऊस आणि घरात तेच ते.

महिना धरून मोजण्यात आणखी एक मेख आहे. 2024मध्ये चवथ 7 सप्टेंबरला होती, 2025मध्ये 27 ऑगस्टला. तुमच्याकडे गणपती दीड दिवसाचा असेल तर 2025चा सगळा गणपती ऑगस्टच्या खात्यात गेला. त्या वर्षीच्या सप्टेंबरचा आकडा बघून कुणी ‘सणाचा महिना एवढाच’ असं धरलं तर सणच हिशेबातून निसटला. त्यामुळे सलग बारा महिने घ्या, कमी नाही.

ते करायला अर्धा दिवस पुरतो. दोन्ही फोन केबलने लॅपटॉपला लावा आणि `DCIM` मधलं `Camera` फोल्डर लॅपटॉपवर उतरवा. दोन फोनची दोन वेगळी फोल्डर ठेवा. लॅपटॉपवर तेवढी जागा नसेल तर दोन-तीन महिन्यांचे तुकडे करून उतरवा आणि आकडा लिहून घेतला की लॅपटॉपवरची ती नक्कल काढून टाका, फोनला हात लावू नका. फोन लावलेला असताना थेट त्याच्यावर आकार बघायला जाल तर विंडोज अडखळतं आणि आकडा अर्धवट दाखवतं, म्हणून आधी उतरवून घ्यायचं. मग त्या फोल्डरमध्ये उभं राहून वर उजवीकडच्या शोधाच्या चौकटीत टाका:

```
*202508*.mp4
```

ऑगस्ट 2025चे सगळे व्हिडिओ समोर येतील, कारण बहुतेक अँड्रॉइड फोन फाइलच्या नावातच तारीख घालतात. सगळे निवडा, राइट क्लिक, `Properties`, आकार लिहून घ्या. मग `202509`, `202510` असं पुढे. फाइलची `Date modified` ही तारीख बघून मोजू नका. नक्कल करताना, फोन बदलताना ती कधी कधी बदलते, आणि तीन वर्षांचे व्हिडिओ एकाच दिवशीचे दिसायला लागतात. नावातली तारीख तशीच राहते.

शोध `Camera` फोल्डरमध्येच करायचा, ही गोष्ट महत्त्वाची. व्हॉट्सॲपच्या फाइलींच्या नावातही तारीख असते, `VID-20250827-WA0012.mp4` अशी. अख्ख्या फोनमध्ये शोध केलात तर गावच्या ग्रुपवरचे सगळे फॉरवर्ड तुमच्या हिशेबात घुसतील. सासूबाईंचा फोन मी या मोजणीतून सरळ वगळतो. तिथे जे असतं ते बहुतेक दुसऱ्याने पाठवलेलं आणि व्हॉट्सॲपने आवळलेलं, आणि मूळ तुमच्याच फोनमध्ये असतं. मात्र त्यांनी स्वतः काढलेले नातवाचे व्हिडिओ असतील तर त्यांचंही `Camera` फोल्डर उतरवून घ्या.

तुमचे आकडे माझ्यापुढे नाहीत, म्हणून तुमच्यासारख्या घरात सहसा येतील असे धरून पुढे जातो. तुम्ही मोजल्यावर त्यांच्या जागी आपले घाला.

यजमानांचा फोन: वर्षातले आठ महिने शांत, महिन्याला वीसेक मिनिटं. उरलेले चार महिने सणावाराचे, महिन्याला 110 मिनिटं. म्हणजे 160 अधिक 440, वर्षाला 600 मिनिटं, दहा तास. मिनिटाला 360 एमबीने ते 216 जीबी. तुमचा फोन: वर्षाला 400 मिनिटं धरू, मिनिटाला 130 एमबीने 52 जीबी. त्यात फोटोंचे 27 मिळवले की वर्षाचे 295 जीबी.

हेच यजमानांच्या फोनचा एक शांत महिना धरून काढलं असतं तर त्यांचे व्हिडिओ वर्षाला फक्त 86 जीबी आले असते. चवथीचा महिना धरून काढलं असतं तर 475. खरा आकडा 216. भाच्याची एक टीबी आणि दुकानदाराची चार टीबी यांच्यात चौपटीचं अंतर आहे, आणि फक्त चुकीचा महिना निवडल्याने साडेपाच पटीचं पडतं.

आता पाच वर्षं. पहिल्या दिवशीच डिस्कवर काय जाणार ते आधी लिहा: लॅपटॉपवरचे 240 आणि फोनमधले गेल्या वर्षाचे 295, मिळून 535 जीबी. ही सुरुवातीची रक्कम बहुतेकजण विसरतात. पुढची दोन वर्षं दरवर्षी 295.

दरवर्षी दहा टक्के वाढ धरायची, असा सल्ला पुष्कळांकडून ऐकायला मिळतो. मला तो घरगुती हिशेबासाठी पटत नाही. घरातली मागणी अशी हळूहळू चढत नाही, ती उडी मारते. मूल झालं की उडी, नवा फोन आला की उडी. तुमच्याकडची उडी ठरलेलीच आहे. दोन वर्षांनी तुमचा फोन बदलेल, नवा फोन फोर-के काढेल, आणि घरात एकदा फोर-के पाहिलं की तुम्हीही तेच लावाल असं मी धरतो. तेव्हा तुमची तीच 400 मिनिटं 52ऐवजी 144 जीबी खातील. म्हणजे तिसऱ्या वर्षापासून घराचे वर्षाला 387 जीबी.

मांडून बघा. सुरुवात 535. पहिल्या वर्षाअखेर 830. दुसऱ्याअखेर 1,125, म्हणजे एक टीबी तोवर संपलेली. तिसऱ्याअखेर 1,512, चौथ्याअखेर 1,899, पाचव्याअखेर 2,286.

डिस्कवर लिहिलेली जागा आणि विंडोजमध्ये दिसणारी जागा यांत फरक असतो, हेही इथेच ध्यानात घ्या. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1,024च्या. त्यामुळे एक टीबीच्या डिस्कवर विंडोज 931 जीबी दाखवतं, दोन टीबीवर 1.81 टीबी, म्हणजे साधारण 1,862 जीबी, आणि चार टीबीवर 3.63 टीबी, म्हणजे साधारण 3,725 जीबी. दुकानदाराने फसवलं असं यात काही नाही. मी हिशेबात दोन टीबीला सरळ 1,850 आणि चार टीबीला 3,700 धरतो, म्हणजे चूक झालीच तर ती आपल्या बाजूने होते. आणि त्यातलाही पाचवा हिस्सा मोकळा ठेवायचा. त्याचं कारण सांगतो.

फोन भरलेला असताना माणूस हात आखडून शूट करतो आणि बरंच काही डिलीट करतो. तुमचे फोन ‘जागा भरली’ म्हणतायत, म्हणजे गेल्या वर्षाची तुमची मोजणी मुळातच कमी भरणार आहे. जे पुसलं ते मोजणीत आलंच नाही. डिस्क घरी आली की पुसणं थांबतं आणि दुसऱ्या महिन्यापासून आकडा वर सरकतो. शिवाय पाच वर्षांत घरात एखादं लग्न, मुंज होणार, फोटोग्राफर आपलं काम पेनड्राइव्हवर देणार, आणि ते तुम्हाला इथेच ठेवायचं असणार. मोकळा ठेवलेला पाचवा हिस्सा या दोन्हींसाठी आहे, शोभेसाठी नाही.

या हिशेबाने आताच्या सवयीत दोन टीबी चौथ्या वर्षी भरते. चार टीबी आरामात पुरते, दुकानदाराचं बरोबर.

पण दुकानात जायच्या आधी यजमानांच्या फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये जा. व्हिडिओच्या खाली `High efficiency` किंवा `HEVC` असं काहीतरी सापडेल. ते चालू केलं की फोन तोच फोर-के व्हिडिओ नव्या पद्धतीने आवळून लिहितो. दिसायला फरक घरच्या टीव्हीवर शोधून सापडत नाही, आणि जागा साधारण निम्मी लागते. घुमट आरतीचे 7.2 जीबी 3.6वर येतात. तुमच्या फोनमध्येही हा पर्याय असेल तर तोही चालू करा.

चालू करण्याआधी मात्र एक तपासणी कराच. एक मिनिटाचा व्हिडिओ नव्या सेटिंगवर काढा, `Total bitrate` बघा, निम्म्याच्या आसपास आलाय ना याची खात्री करा. मग तो लॅपटॉपवर आणि घरच्या टीव्हीवर लावून बघा. जुन्या टीव्हीवर कधी नुसता आवाज येतो आणि पडदा काळा राहतो, जुन्या लॅपटॉपवर चित्र अडकत अडकत चालतं, कधी विंडोज जास्तीचं काहीतरी उतरवायला सांगतं. लॅपटॉपवर व्हीएलसी टाकलं की सहसा काम होतं. टीव्ही मात्र ऐकत नसेल तर ऐकतच नाही. सासूबाई सगळे व्हिडिओ टीव्हीवरच बघत असतील आणि टीव्ही दहा वर्षांचा असेल, तर ही सेटिंग राहू द्या आणि चार टीबीचा रस्ता धरा. जुने व्हिडिओ मात्र नव्या पद्धतीत बदलत बसू नका. पुन्हा आवळताना त्यांचा दर्जा थोडा का होईना उतरतो, वेळ खूप जातो, आणि तारखाही कधी कधी बिघडतात.

सेटिंग चालली असं धरून तोच हिशेब पुन्हा करू. यजमानांचे 216चे 108 झाले, तुमचे 52चे 26, फोटो 27 तसेच. वर्षाचे 161 जीबी. तिसऱ्या वर्षापासून तुमच्या नव्या फोनचे फोर-के 144ऐवजी 72, म्हणजे वर्षाचे 207. सुरुवात 535, मग 696, 857, 1,064, 1,271, आणि पाचव्या वर्षाअखेर 1,478. 1,850चे ऐंशी टक्के काढा, 1,480 येतात. दोन टीबी, पाचवा हिस्सा मोकळा ठेवून, बरोबर बसली.

म्हणूनच मी म्हटलं की दोन टीबीच्या दोन घ्या. चार टीबीची एकच डिस्क घेतली, त्यावर सगळं उतरवलं आणि फोन रिकामे केले, की त्या क्षणापासून मुलाचं पहिलं पाऊल जगात एकाच ठिकाणी उरतं. हार्ड डिस्क सूचना देऊन बंद पडत नाही. कधी टक् टक् आवाज येतो, कधी नक्कल करताना एखाद्या फोल्डरवर तासभर अडकते, कधी काहीच न होता एक दिवस लॅपटॉप तिला ओळखत नाही. ही लक्षणं दिसली तर पहिलं काम एकच, तिच्यावरचं दुसरीकडे हलवणं. पण दुसरी प्रत आधीपासून असेल तर त्या दिवशी कुणाची झोप उडत नाही. दुकानात विचाराल तेव्हा चार टीबीच्या एका डिस्कची किंमत दोन टीबीच्या दोन डिस्कच्या किमतीशी ताडून बघा. दोन डिस्कला थोडे जास्त पडले तरी मी तेच घेईन, आणि त्याच दुकानातून एकाच दिवशी एकाच कंपनीच्या दोन घेण्यापेक्षा वेगवेगळ्या कंपन्यांच्या घेईन. एकाच खेपेतल्या दोन डिस्क एकाच वेळी दगा देण्याचा संभव थोडा जास्त असतो.

एक डिस्क घरी ठेवा, दुसरी माहेरी किंवा नणंदेकडे. फोन रिकामा करायचा तो दोन्ही डिस्कवर उतरल्यावरच. मध्ये महिना-दोन महिने गेले तर तेवढ्या महिन्यांचं फोनमध्येच राहू द्या.

एसएसडी घ्यावी का, असंही तुमच्या मनात येईल. ती जलद असते, पडली तरी सहसा टिकते. पण तेवढ्याच जागेला महाग पडते, आणि कपाटात वीज न लावता दोन-तीन वर्षं पडून राहिली तर तिच्यावरचं हळूहळू पुसट होऊ शकतं. वर्षातून दोन-चारदा लावायची आणि बाकी वेळ ठेवून द्यायची, या कामाला साधी पोर्टेबल हार्ड डिस्क बरी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती उघड्या शेल्फवर ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा आणि पुड्या दर पावसाळ्याआधी बदला. लॅपटॉपला जोडलेली असताना वीज कडाडायला लागली तर काढून ठेवा. जूनमधला पहिला गडगडाट सगळ्यात वाईट.

घेताना दोन गोष्टी. कुणी फारच स्वस्तात ‘16 टीबी’ असं लिहिलेला पेनड्राइव्ह किंवा छोटीशी डिस्क दाखवली तर हातही लावू नका. असल्या वस्तू विंडोजला मोठा आकडा दाखवतात, आत जागा मात्र मूठभर असते. भरत गेलं की आधीचं पुसून वर नवीन लिहिलं जातं, आणि उघडून बघेपर्यंत पत्ता लागत नाही. चांगल्या दुकानातून घेतलेल्या डिस्कचीही एकदा `h2testw` नावाच्या फुकट प्रोग्रामने परीक्षा घ्या. तो अख्खी डिस्क भरतो आणि परत वाचून बघतो. दोन टीबीला रात्रभर लागते, म्हणून संध्याकाळी लावून झोपा. हे रिकाम्या डिस्कवरच करायचं.

दुसरी गोष्ट, डिस्क कुठल्या पद्धतीने फॉरमॅट केलीय ते बघा. `FAT32` असेल तर 4 जीबीहून मोठी फाइल तिच्यावर जाणारच नाही. डिस्क अर्धी रिकामी असतानाही ‘फाइल फार मोठी आहे’ असा निरोप येईल, आणि अडकेल ती नेमकी जुनी 7.2 जीबीची आरती. `exFAT` करून घ्या, विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालते. टीव्हीला लावायची असेल तर तो `exFAT` वाचतो का तेही त्याच वेळी बघा. हे सगळं काहीही उतरवण्याआधी, कारण फॉरमॅट केलं की आतलं सगळं जातं.

यंदा चवथ आटोपली की डिस्कवर किती भरलंय ते तिच्या डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसकट लिहून ठेवा, आणि मग दर वर्षी चवथीनंतर. वर दिलेल्या रांगेशी ताडा: वर्षभराने 700च्या आसपास, दोन वर्षांनी 860च्या आसपास. आकडा तिथे असेल तर निवांत राहा. दोन वर्षांनी 1,000च्या पुढे गेला असेल तर दोनच गोष्टी संभवतात. एकतर कुठल्यातरी फोनमधली सेटिंग अपडेटनंतर किंवा फोन बदलल्यावर मूळ जागी गेलीय, ते `Total bitrate` बघून पाच मिनिटांत कळेल. नाहीतर मिनिटंच वाढलीत, म्हणजे धाकटा आता नाटकात काम करू लागलाय. मग तिसऱ्या वर्षी आणखी एक डिस्क घ्यावी लागेल. पण ती तेव्हा, त्या वेळच्या भावाने आणि त्या वेळच्या मोजणीवर. आज तिच्यासाठी पैसे अडकवू नका.